नऊ सेकंदांचा फरक

स्टुडिओत तिला सगळे सेकंदबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. कुणी समोर म्हटलं तर ती खोटं खोटं रागवायची. पण घरी नवऱ्याला सांगताना, 'आज पुन्हा सेकंदबाई म्हणाले मला,' हे सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे.

अठरा वर्षं ती माहितीपटांची निवेदनं लिहीत होती. त्याआधी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथे एकदा एक माणूस धावतपळत आला. माहितीपटांचं संकलन करणारा, हाताशी कायम दोन कात्र्या ठेवल्यासारखा घाईत असलेला, म्हणून ज्याला सगळे कात्री म्हणत, तो. एका प्राध्यापकांनी त्याला नदीवरच्या माहितीपटाचं निवेदन लिहून दिलं होतं. भाषा झकास, पण चित्रातली होडी पलीकडच्या काठाला लागली तरी प्राध्यापक अजून अलीकडच्या काठावर उभे राहून नदीची थोरवी गात होते. 'यातलं निम्मं उडवायचंय, पण अर्थ उडता कामा नये,' कात्री म्हणाला. तिने चार तासांत ते करून दिलं. त्यानंतर ती छापखान्यात फार दिवस राहिली नाही.

काम ऐकायला सोपं वाटतं. चित्रं आधीच कापून, जोडून, कायम झालेली असतात. एकेका दृश्याची लांबी ठरलेली असते: हे चार सेकंद, ते सात, ते साडेपाच. कागदावर त्यांची यादी मिळते. प्रत्येक दृश्य कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला सुरू होतं आणि कुठे संपतं ते लिहिलेलं. त्या मापात वाक्य बसवायचं. संथ निवेदनात सेकंदाला दोन शब्द, त्याहून जास्त नाहीत. म्हणजे चार सेकंदांच्या दृश्याला आठ शब्द? तसंही नाही. दृश्य बदलल्यावर डोळ्यांना जरा स्थिरावू द्यायचं, आणि पुढचं दृश्य येण्याआधी वाक्य संपलेलं हवं. म्हणजे उरले सहा. शिवाय पडद्यावर जे दिसतंय तेच सांगायचं नाही. माणूस दार उघडताना दिसत असेल तर 'तो दार उघडतो' असं म्हणणाऱ्याला तिने जन्मात माफ केलं नसतं. आणि मनातल्या मनात वाचून मोजायचं नाही. मनात माणूस पळतो, तोंडाने चालतो. ती प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणायची, डाव्या हाताच्या बोटांनी टेबलावर ठेका धरून. आकड्यांची तिला विशेष चीड होती. 'एकोणीसशे सत्याण्णव' कागदावर चार आकडी दिसतं आणि बोलताना दीड-दोन सेकंद खाऊन बसतं, असं ती नव्या दिग्दर्शकांना शाळा घ्यावी तसं समजावायची.

थोडक्यात, या एका गोष्टीत आपला हात धरणारं आसपास कुणी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाणं नाही, रूप नाही, मोठं शिक्षण नाही. पण हे होतं.

आणि मग तिचा उजवा हात मोडला.

स्टुडिओच्या जिन्याची शेवटची पायरी आहे असं तिला वाटलं, आणि ती नव्हती, एवढंच झालं. मनगटाला प्लास्टर बसलं, दीड महिन्याचं. हातात एक काम अर्धवट होतं, आणि डाव्या हाताने तिला कळफलकावर एक ओळ लिहायला दहा मिनिटं लागत. तेव्हा नवरा म्हणाला, "वरच्या मजल्यावर एवढी टायपिस्ट बसलीय की रिकामी. तिला बोलाव."

वरच्या मजल्यावर दीर आणि जाऊ राहत. धाकटी जाऊ बावीस वर्षं एका मोठ्या कचेरीत स्टेनो होती. साहेब बोलेल तसं लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि टंकायचं. वर्षभरापूर्वी तिने नोकरी सोडली होती. दोघी जावांचं तसं बरं होतं. भांडण कधी नाही, गळ्यात गळेही कधी नाहीत. थोरली बोलणारी, धाकटी ऐकणारी, म्हणून निभत होतं.

धाकटी खाली यायला लागली. थोरलीने सांगायचं, तिने टंकायचं. तीन-चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी थोरलीने एक वाक्य सांगितलं, आणि धाकटीची बोटं थांबली.

"वहिनी, हे साडेपाचात नाही बसणार."

"बसतंय. मी मोजलंय."

"तुम्ही मोजलंत. पण 'प्रत्यक्ष' आणि 'व्यक्तीच्या' शेजारीशेजारी आलेत. वाचणारा तिथे अडतो. आमचे एक साहेब नेहमी अडायचे, मी तेवढ्यात पेन्सिलीला टोक करून घ्यायची."

थोरलीने ते वाक्य मोठ्याने म्हटलं. सहा सेकंद आणि वर थोडं. तिने ते बदललं, हसलीसुद्धा. पण त्या दिवशी जेवताना तिला चव लागली नाही.

त्याचं कारण तिला तेव्हाच कळलं होतं, कबूल करायला वेळ लागला. ती अठरा वर्षं बोटांवर मोजत होती. धाकटीला मोजावं लागत नव्हतं. बावीस वर्षं माणसांच्या बोलण्याच्या वेगाबरोबर धावून तिच्या कानातच घड्याळ बसलं होतं. कोण कुठे श्वास घेतो, कुठलं अक्षर जिभेला जड जातं, हे तिला वाक्य ऐकताक्षणी कळायचं. आणि हे आपल्याकडे काही विशेष आहे याचा तिला पत्ताही नव्हता. तो असता तर थोरलीला जरा बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात एका दृश्याला वाक्य काही केल्या सापडेना. धाकटी दबकत म्हणाली, "असं म्हटलं तर?" आणि पाच शब्द बोलली. थोरलीने ते तसेच घेतले, वेळ नव्हता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कात्री खुर्चीत मागे रेलून बसला होता, तो त्या पाच शब्दांना पुढे झाला. "बाई, हे मस्त आलंय. हे तुमच्यासारखं वाटत नाही."

त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं. तो असाच बोलायचा. पण थोरलीला ते घरी जाईपर्यंत टोचत राहिलं. तिने कात्रीला लगेच खरं सांगून टाकलं होतं, जावेने सुचवलं म्हणून. कारण न सांगणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. तिथेच तिचं चुकलं, असं तिला पुढे कित्येक दिवस वाटत होतं.

कारण प्लास्टर निघालं त्याच सुमाराला कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेवरचा माहितीपट आला. सव्वीस मिनिटांचा, पहिला अर्धा भाग कारागिरांचा, दुसरा तिथे येणाऱ्या माणसांचा. दिग्दर्शिका चाळिशीची, मोजकं बोलणारी, पण बोलली की मागे न घेणारी. ती म्हणाली, "वेळ कमी आहे आणि तुमचा हात अजून दुखतोय. पहिला भाग तुम्ही करा. दुसरा तुमच्या जाऊबाईंना देऊन बघू का?"

"का नाही?" थोरली म्हणाली. "घरातलंच माणूस आहे."

धाकटीला ते सांगायचं कामही तिच्यावरच आलं. धाकटीच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि तिच्या मागून आनंद. तो आनंद थोरलीला बघवला नाही. ती कपाटात काहीतरी शोधायला वळली.

त्यानंतरचे दहा दिवस तिने जसे काढले, तसे आयुष्यात कधी काढले नव्हते. वरच्या मजल्यावर धाकटी येरझाऱ्या घालत वाक्यं म्हणायची, ते खाली ऐकू यायचं. शब्द नाही, नुसती लय. थोरली स्वतःचं लिहायचं सोडून छताकडे बघत ती लय मोजायची. सेकंदाला दोन. बरोबर सेकंदाला दोन. कुठे घाई झाली असती तर तिला केवढा आधार वाटला असता. धाकटीने टेबलावर ठेवलेला कागद ती जाता-येता तिरक्या नजरेने वाचायची. नवऱ्याने एकदा वाटी पुसता पुसता सहज म्हटलं, "तिचं ते जमिनीचं वाक्य ऐकलंस का? कानात राहतं." त्यावर ती म्हणाली, "कानात राहायला ते काय किडा आहे?" आणि नवऱ्याने पुढची वाटी पुसायला घेतली. माणूस शहाणा होता.

ते जमिनीचं वाक्य तिने ऐकलं होतं. धाकटीनेच वाचून दाखवलं होतं. माहितीपटात एक वयस्क बाई होत्या. अपघातात पाय गमावलेल्या, नवा पाय बसवून पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या. बारा सेकंदांचं दृश्य. त्यावर धाकटीने लिहिलं होतं: 'हरवलेला पाय कुणालाच परत मिळत नाही; मिळते ती फक्त जमीन, आणि तीही एका वेळी एक पाऊल एवढीच.'

"साडेआठ सेकंद होतात," धाकटी म्हणाली होती. "जास्त होतंय का, वहिनी?"

"नाही. बसतंय," थोरली म्हणाली होती.  अठरा वर्षांत असं एक वाक्य तिच्या हातून झालं नव्हतं. तिची वाक्यं मापात होती, नीटनेटकी होती. कुणी ती कानात घेऊन घरी गेलं नव्हतं.

सोमवारी ती पहिल्या भागाचं काम दाखवायला स्टुडिओत गेली, तेव्हा कात्री म्हणाला, "दुसऱ्या भागात बदल केलाय, नवा कट आहे. बघून घ्या."

त्याने दाखवलं. सुरुवातीला भिंतीवरच्या एका जुन्या फोटोचं दृश्य होतं, नऊ सेकंदांचं: शाळेचं मैदान, मुलांच्या रांगा, पुढे शिटी घेतलेल्या त्याच बाई, तरुणपणीच्या. फोटो फार पुसट आला होता, म्हणून ते दृश्य काढलं होतं. आणि ते नऊ सेकंद बाई उभ्या राहतात त्या दृश्याला जोडले होते. बाराचं एकवीस झालं होतं. आता बाई नुसत्या उभ्या राहून थांबत नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून चालायला लागत होत्या. आणि चालताना ओठांतल्या ओठांत मोजत होत्या: एक... दोन... एक... दोन... बत्तीस वर्षं मुलांना कवायत शिकवताना मोजलं, तसंच.

थोरलीने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग तिचं डोकं सवयीने कामाला लागलं. फोटोपासून त्या चालण्यापर्यंत, मधल्या चार मिनिटांतली सगळी चित्रं नऊ सेकंद अलीकडे सरकली होती. धाकटीच्या कागदावरच्या तिथल्या सगळ्या वेळा चुकल्या होत्या. आणि ते जमिनीचं वाक्य आता त्या मोजण्याच्या अगदी डोक्यावर बसणार होतं.

"एकूण लांबी तीच राहिलीय," कात्री म्हणाला, "त्यामुळे नुसती फाईल बघून फरक कळायचा नाही. नवी यादीही यात आहे." रुग्णांचे चेहरे असल्यामुळे कार्यशाळेने चित्रण इंटरनेटवरून पाठवायला मनाई केली होती, सगळं पेनड्राइव्हवर हातोहात चालायचं. त्याने तो तिच्या हातात दिला. "घरीच आहात दोघी. देऊन टाका."

तिने तो पर्समध्ये ठेवला. देणारच होती. संध्याकाळी जिन्यापर्यंत गेली, तर वरून दिराचा आवाज आला, "अगं, पुन्हा म्हण ते जमिनीचं." ती परत फिरली. उद्या देऊ, असं स्वतःला म्हणाली. मंगळवारी म्हणाली, संध्याकाळी देऊ. बुधवारी सकाळी धाकटी स्वतःच खाली आली, हातात नीट टंकलेले कागद.

"वहिनी, उद्याचं सगळं तयार आहे. कात्रीभाऊंनी काही बदल नाही ना केला?"

तेव्हा पर्स खुर्चीवर होती, हाताच्या अंतरावर.

"नाही," थोरली म्हणाली. "काही नाही."

असं सरळ खोटं ती याआधी कधी बोलली होती हे तिला आठवेना. रात्री झोप लागली नाही असं काही झालं नाही. झोप चांगली लागली, याचंच तिला पुढे वाईट वाटलं.

गुरुवारी अकराला ध्वनिमुद्रण होतं. निवेदक काचेच्या पलीकडच्या खोलीत, कानांवर हेडफोन, समोर कागद आणि छोटा पडदा. अलीकडे कात्री, दिग्दर्शिका आणि दोघी जावा. निवेदकाला दोन वाजता दुसरीकडे जायचं होतं. पहिला भाग तासाभरात सुरळीत झाला. सगळं मापात. "सेकंदबाईंचं काम म्हणजे डोळे मिटून," कात्री म्हणाला, आणि तिला त्याचा काही आनंद झाला नाही.

दुसरा भाग सुरू झाला. पहिली दोन वाक्यं बरोबर बसली. मग जिथे फोटो यायचा तिथे मापं घेणाऱ्या कारागिराचं दृश्य आलं, आणि निवेदक म्हणाला, 'बत्तीस वर्षं या बाईंनी शाळेत कवायत शिकवली.' चित्रात पन्नाशीचा मिशाळ कारागीर. दिग्दर्शिकेने मान वर केली. पुढे 'या हातांना माप पाहावं लागत नाही' हे वाक्य आलं तेव्हा पडद्यावर चहाची किटली होती. निवेदक हसला आणि थांबला.

कात्रीने चित्र थांबवलं. "हे कुठल्या कटवर लिहिलंय?"

धाकटी पांढरी पडली. तिने कागदावर बघितलं, पडद्यावर बघितलं. "तुम्ही पहिल्यांदा दिला होता त्यावर."

"सोमवारी नवा दिला की." कात्री थोरलीकडे वळला. "बाई, दिला ना?"

थोरलीने तोंड उघडलं. काय बोलायचं ते तिचं ठरलं नव्हतं. 'विसरले' म्हणाली असती, बहुतेक. पण धाकटीने एकदा तिच्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा सेकंद. आणि म्हणाली, "दिला होता त्यांनी. माझ्याच ध्यानात राहिलं नाही. माझी चूक."

दिग्दर्शिकेने वहीत काहीतरी लिहिलं. ते काय असेल हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

थोरलीला वाटलं होतं, धाकटी उघडी पडली की आपला जीव थंड होईल. उलटंच झालं. आता तर तिला धाकटीच्या मोठेपणाचाही हेवा वाटायला लागला. ही आपल्यापेक्षा बरं लिहिते, आणि वर माणूसही बरी आहे. आता आपल्यापाशी असं काय उरलं, जे हिच्याजवळ नाही?

"दीड तास आहे," कात्री म्हणाला. "होतंय का काही, की दुसरा दिवस बघू?"

"होतंय," थोरली म्हणाली. "आणि तिने खोटं सांगितलं. पेनड्राइव्ह मी दिलाच नाही. माझ्या पर्समध्ये आहे."

तिने तो काढून टेबलावर ठेवला.  कात्रीने घसा साफ केला. दिग्दर्शिका तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने वहीतली ओळ खोडली. तिच्या जागी दुसरी लिहिली की नाही, हे थोरलीने बघितलं नाही.

"चल," ती धाकटीला म्हणाली. "कागद घे."

दोघी शेजारच्या खोलीत बसल्या. समोर छोटा पडदा, मधे कागद. थोरलीने लाल पेन घेतलं आणि फोटोपासून चालण्यापर्यंतच्या प्रत्येक वेळेतून नऊ सेकंद वजा करत गेली. ते तिला झोपेतही आलं असतं. वीस वाक्यांपैकी सतरा एवढ्यानेच जागेवर बसली. उरली तीन.

"फोटोचं दृश्य गेलं, म्हणजे कवायतीचं वाक्यही गेलं," धाकटी म्हणाली. आवाज कोरडा होता. "जाऊ दे ते. माहितीच आहे नुसती."

"जाऊन चालणार नाही. का ते पुढे कळेल. कुठेतरी घालायला हवं."

त्यांनी यादी बघितली. मापं घेण्याचं दृश्य सात सेकंदांचं होतं. त्यावर धाकटीने लिहिलं होतं: 'आज मापं घेतली जातील, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं.'

"मापं घेतायत ते दिसतंय," थोरली म्हणाली. "ते कशाला सांगतेस?"

धाकटीला ते पटलं. तिने डोळे मिटले, ओठ हलले. "'बत्तीस वर्षं कवायत शिकवणाऱ्या बाई पंधरा दिवसांनी पुन्हा येतील.'"

थोरलीची बोटं टेबलावर चालली. पावणेपाच. पुढेमागे श्वासाला जागा. बसलं, आणि तेही तीन मिनिटांत. तिला पुन्हा तसाच हेवा वाटला. पण काम पुढे होतं, त्यामुळे त्या हेव्याकडे बघायला सवड नव्हती.

हातांच्या वाक्याला किटलीपासून उचलून हातांवर नेलं. त्यातला एक शब्द कमी केला. मग ते शेवटचं उरलं.

थोरलीने एकवीस सेकंदांचं दृश्य लावलं. धाकटी पहिल्यांदाच बघत होती. बाई उठल्या, दांड्या धरल्या, थांबल्या. पाऊल टेकल्याचा टक्‌ असा आवाज. आणि मग ते हलकेच: एक... दोन... एक... दोन...

ते संपल्यावर थोरलीने लाल पेनाने जमिनीच्या वाक्यावर रेघ मारली.

धाकटी रेघेकडे बघत राहिली. "बसत नाही म्हणून काढताय, वहिनी? की..."

थोरलीला उत्तर ठाऊक होतं. असल्या दृश्यावर बोलायचं नसतं. पहिल्या दिवशी आलेल्यालाही तिने हेच सांगितलं असतं. पण रेघ मारताना हात जरा जास्तच जोरात चालला होता, कागद फाटला होता, आणि तेही दोघींनी बघितलं होतं.

"दोन्ही," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. रागाने नाही, रडवेली होऊनही नाही. साहेबाने एखादा परिच्छेद काढायला सांगितला की हलवत असेल तशी. "लावा बरं पुन्हा."

पुन्हा बघितलं. धाकटी म्हणाली, "त्या मोजतायत त्यावर कुणी बोलायचं नाही. काढलंत ते बरोबर आहे." आणि थोडं थांबून, "पण ते वाक्य मला फार आवडलं होतं हो."

"मलाही," थोरली म्हणाली. "म्हणूनच तर."

 घड्याळात सव्वाएक झाला होता. थोरलीने फाटलेला कागद सरळ केला आणि आधीच्या दृश्याची लांबी बघितली: कारागीर पट्टा आवळतो, पाच सेकंद, आवाज काही नाही. तिने वाक्यातले शब्द एकेक करून काढायला सुरुवात केली. 'हरवलेला' गेला, हरवलाय ते दिसतंय. 'कुणालाच' गेला, इथे एकच बाई आहेत. पाऊल गेलं, कारण पाऊल आता पुढे ऐकू येणारच होतं. उरलं ते तिने मोठ्याने म्हटलं.

"'पाय परत मिळत नाही. जमीन मिळते.'"

तीन सेकंद. मधे थांबायला अर्धा, आणि शेवटी चित्र बदलायच्या आत एक पूर्ण सेकंद शांतता.

धाकटीने ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग तिने ते स्वतःच्या हाताने कागदावर लिहून घेतलं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना ध्वनिमुद्रण संपलं. चालण्याच्या दृश्याला काचेपलीकडे निवेदकाने कागद खाली ठेवला आणि नुसता बघत बसला. कात्रीही मागे रेलला नाही.

घरी येताना दोघी एकाच बसमधून आल्या, मागेपुढे बसून. जिन्यापाशी धाकटी म्हणाली, "तीन दिवस ते पर्समध्ये होतं?"

"तीन दिवस."

"मी विचारलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

धाकटी वर निघून गेली. नंतर पंधरा दिवस ती खाली आली नाही. दिराने काही विचारलं नाही, म्हणजे तिने त्याला सांगितलं नसावं. थोरलीच्या नवऱ्याला मात्र थोरलीनेच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वर जाऊन बोल तिच्याशी." ती गेली नाही. काय बोलणार? माफी मागायची तर हेवा संपल्यावर मागावी असं तिला वाटत होतं, आणि तो काही संपत नव्हता.

माहितीपट दाखवला तेव्हा शेवटच्या पाटीवर दोघींची नावं होती, एकाखाली एक, थोरलीचं वर. दिग्दर्शिकेने पुढचं काम धाकटीला दिलं, एकटीला. थोरलीला फोन करून तसं स्वतः सांगितलं. "तुमचं कामही मला लागेल," ती म्हणाली, "पण सध्या नाही." कात्रीने तिला काम देणं थांबवलं नाही, पण पेनड्राइव्ह आता तो दुसऱ्या कुणाकडून पाठवायचा. यातलं काहीच तिला अन्यायाचं वाटलं नाही. वाईट वाटलं, ते वेगळं.

सोळाव्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. धाकटी दारात उभी, हातात कागद. आत ये असं थोरलीने म्हणायची वाट न बघता ती खुर्चीवर बसली.

"मिठागरावरचं आहे," ती म्हणाली. "एका दृश्याला अडलेय. सात सेकंद आहेत आणि मला अकरा सेकंदांचं सांगायचंय. काही केल्या कमी होत नाही. मला कापता येत नाही वहिनी, तुम्हाला येतं."

थोरलीने चष्मा लावला आणि वाक्य वाचलं. चांगलं होतं. फारच चांगलं होतं. 

"मला अजून हेवा वाटतो तुझा," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"कळतं ते," धाकटी म्हणाली. "वाटू दे. यातला कुठला शब्द जाईल ते सांगा."

थोरलीने लाल पेन शोधलं आणि वाक्य पहिल्यापासून मोठ्याने म्हणायला घेतलं.